लहान खोलीतला बास कुठे हरवतो? स्पीकर आणि खुर्चीच्या जागेचे गणित

राजारामपुरीतल्या माझ्या एका मित्राचा मुलगा गेली काही वर्षे तबला शिकतो आणि आपल्या रियाजाचे रेकॉर्डिंग घरच्याच एका खोलीत ऐकून त्यातल्या चुका शोधतो. मागच्या वर्षी त्याने चांगले स्पीकर घेतले, आणि महिन्याभरातच मला बोलावून म्हणाला, "काका, हे स्पीकर खराब निघाले असावेत. डग्ग्यावर मनगट दाबत 'घे' वर चढवला की सूर मधल्या एका ठिकाणी गायब होतो आणि पुढे पुन्हा येतो. हेडफोनवर मात्र तो अखंड ऐकू येतो." मी त्याच्या खुर्चीवर बसून ते रेकॉर्डिंग ऐकले. त्याचे वर्णन तंतोतंत खरे होते. घुमारा वर चढताना मध्येच पोकळ होत होता, जणू त्या एका सुरापुरता कोणी डग्ग्यावर पंचा टाकला असावा. मग तेच रेकॉर्डिंग चालू ठेवून मी त्याला उठवले आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहायला सांगितले. तिथे तोच सूर खोलीभर घुमत होता.

स्पीकर खराब असता तर तो सूर सगळीकडेच हरवला असता. तो खुर्चीच्या जागी हरवतो आणि भिंतीपाशी सापडतो, याचा अर्थ स्पीकरमधून तो व्यवस्थित बाहेर पडतो आहे, पण खुर्चीपाशी पोहोचल्यावर काहीतरी त्याला खोडून टाकत आहे. हे खोडण्याचे काम भिंती करतात. ते कसे होते हे एकदा नीट समजले की स्पीकर आणि खुर्ची कुठे ठेवायची हे टेप घेऊन बऱ्याच अंशी आधीच ठरवता येते.

रंकाळ्याच्या दगडी कठड्याजवळ पाणी शांत असताना खडा टाकला, तर त्याच्या लाटा कठड्यावर आपटून परत फिरतात आणि मागून येणाऱ्या लाटांना भेटतात. जिथे लाटेचा उंचवटा उंचवट्याला भेटतो तिथे पाणी जास्त उसळते, आणि जिथे उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खळग्याला भेटतो तिथे पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. आवाजाचेही तसेच आहे. स्पीकरकडून थेट कानाशी येणारा आवाज आणि भिंतीवर आपटून थोडा उशिरा येणारा आवाज कानापाशी एकत्र होतात, आणि तो उशीर बरोबर अर्ध्या लाटेइतका असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात. त्या सुराच्या जागी खड्डा पडतो. या लेखात 'खड्डा' हा शब्द मी याच अर्थाने वापरणार आहे.

आता हा उशीर मोजू. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणून ८० हर्ट्झच्या सुराची एक लाट सुमारे १४ फूट लांब असते. स्पीकरच्या मागे भिंत असेल, तर मागे गेलेला आवाज भिंतीपर्यंत जातो आणि तेवढेच अंतर परत येतो. ही जा-ये अर्ध्या लाटेइतकी, म्हणजे ७ फूट भरायची असेल, तर भिंत पाव लाटेवर, साडेतीन फुटांवर हवी. यावरून एक सोपे सूत्र निघते: २८३ ला भिंतीपासूनच्या फुटांतल्या अंतराने भागले की त्या भिंतीमुळे कोणत्या हर्ट्झवर खड्डा पडेल ते मिळते. अंतर मोजायचे ते स्पीकरच्या तोंडापासून, खोक्याच्या पाठीपासून नव्हे, कारण आवाज निघतो तोंडाशी.

इथे एक प्रश्न रास्तपणे पडतो, की स्पीकरचे तोंड तर आपल्याकडे असते, मग आवाज मागे कसा जातो? उंच सुरांच्या बाबतीत ही शंका खरी आहे, ते बऱ्यापैकी समोरच जातात. पण १४ फूट लांबीच्या लाटेपुढे आठ इंच रुंदीचे खोके म्हणजे नदीच्या पात्रातला एक दगड. लाट त्याला वळसा घालून सगळीकडे सारख्याच जोराने पसरते. घरगुती आकाराच्या स्पीकरमधून साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज असा चहूकडे जातो. त्यातून आपल्या घरांच्या नऊ इंची विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब त्या आवाजाला फारसे शोषत नाहीत, तो जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतात. म्हणून आपल्या खोल्यांत हे खड्डे चांगलेच खोल पडतात.

त्या मुलाची खोली १४ फूट लांब, साडेदहा फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. स्पीकर आखूड भिंतीच्या बाजूला होते, आणि 'स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावेत' असे कुठेतरी ऐकून त्याने त्यांची तोंडे मागच्या भिंतीपासून सव्वातीन फुटांवर आणली होती. खुर्ची समोरच्या टोकाला होती आणि तिथे बसल्यावर कानामागची भिंत साडेतीन फुटांवर येत होती. सूत्र लावून पाहा. स्पीकरमागच्या भिंतीमुळे २८३ भागिले सव्वातीन, म्हणजे ८७ हर्ट्झ. ऐकणाऱ्याच्या मागच्या भिंतीलाही हेच सूत्र लागू पडते, कारण कानाला ओलांडून गेलेला आवाज तिथून परत येतो. ते उत्तर आले ८१ हर्ट्झ. स्पीकर समोरासमोर नसून थोडे बाजूला असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे किंचित वर सरकतात, आणि हिशेब केला तर ते ८५ आणि ९१ हर्ट्झच्या आसपास जाऊन जवळजवळ एकमेकांवर बसतात.

या प्रकरणाचे मर्म माझ्या मते इथेच आहे. एकट्या भिंतीकडून परत आलेला आवाज जास्त अंतर चालून आल्यामुळे थोडा अशक्त झालेला असतो. या खोलीत थेट आवाज १ मानला तर प्रत्येक भिंतीकडचा आवाज साधारण ०.५५ येत होता. एकच भिंत असती तर निम्म्याच्या आसपास आवाज उरला असता, आणि कानाने ते कदाचित चालवून घेतले असते. पण दोन भिंती एकाच सुरावर उलट्या आल्या, आणि ०.५५ व ०.५५ मिळून थेट आवाज जवळजवळ संपूर्ण खाऊन टाकला. डग्ग्याचा घुमारा दाब वाढेल तसा वर चढतो, आणि चढताना याच पट्ट्यातून जातो. तिथे तो बुडायचा आणि पट्टा ओलांडला की पुन्हा वर यायचा.

असा खड्डा भरून काढायला लोक आधी इक्वलायझरकडे हात नेतात. त्या मुलानेही ८५ हर्ट्झ १० डेसिबलने वाढवून पाहिले होते. पण इक्वलायझर थेट आवाज वाढवतो तेव्हा भिंतीवरून येणारा आवाजही त्याच प्रमाणात वाढतो, आणि वजाबाकी जिथल्या तिथे राहते. १० डेसिबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर दहापट शक्तीचा भार. वूफरचा पडदा त्यामुळे उगाच लांबवर हलतो, खोलीच्या इतर कोपऱ्यांत गडगडाट होतो आणि खुर्चीपाशी फारसे काही बदलत नाही. उंचवटा इक्वलायझरने कापता येतो, खड्डा मात्र भरता येत नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे भिंतीवर फोम किंवा अंड्याचे ट्रे चिकटवणे. कोणतीही मऊ वस्तू आवाज नीट शोषायची असेल तर तिची जाडी त्या सुराच्या पाव लाटेच्या निदान जवळपास जाणारी हवी, आणि ८५ हर्ट्झसाठी पाव लाट होते तीन फुटांहून जास्त. दोन इंचांचा फोम टाळीचा खणखणाट कमी करील, पण बासला त्याचा पत्ताही लागणार नाही. अंड्याचे ट्रे तर तेवढेही धड करत नाहीत, आणि पुठ्ठा पेट घेतो हे वेगळे. म्हणून खोलीत कोणतेही ध्वनिशोषक काम केलेले नसेल, तर बासच्या बाबतीत आपल्या हातात जागा बदलणे हाच खरा उपाय उरतो.

मग स्पीकर कुठे न्यावेत? सूत्र पाहिले तर दोनच दिशा दिसतात. एक तर भिंतीपासून इतके दूर, की खड्डा स्पीकर वाजवू शकत असलेल्या सुरांच्या खाली, ४० हर्ट्झच्या पलीकडे जाईल. त्यासाठी सात फूट अंतर लागते, म्हणजे १४ फुटांच्या खोलीत स्पीकर मधोमध. ते शक्य नाही. दुसरी दिशा म्हणजे भिंतीच्या इतके जवळ, की खड्डा वर सरकत २५० हर्ट्झच्या आसपास जाईल. 'स्पीकर भिंतीपासून लांब ओढा' हा सल्ला मोठ्या दिवाणखान्यात योग्य असेल, पण लहान खोलीत अर्धवट पाळला तर तो स्पीकरला तीन-चार फुटांवर आणून ठेवतो, आणि नेमके तेच अंतर बासला सर्वांत घातक असते.

आम्ही दोन्ही स्पीकर मागे नेले. खोक्याची खोली दहा इंच होती, पाठीला हवा सोडणारे भोक होते म्हणून मागे चार इंच मोकळी जागा ठेवली, आणि तोंड भिंतीपासून १४ इंचांवर आले. सूत्राप्रमाणे खड्डा २४२ हर्ट्झवर, आणि तिरकस अंतर धरून २६५ च्या आसपास गेला. तो नाहीसा झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिथे दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. त्या सुरांपासून वर स्पीकर हळूहळू समोरच्या दिशेला झुकू लागतो, आणि पाव लाट फक्त फूटभर असल्यामुळे स्पीकरच्या मागे पाच-सहा इंच जाडीची घट्ट भरलेली कापसाची गादी उभी केली तरी बऱ्यापैकी फरक पडतो. तीन फुटांचा प्रश्न एक फुटावर आणला की घरातल्या वस्तू कामी येतात.

भिंतीजवळ गेल्यावर एक नवा दोषही येतो. परत येणारा आवाज आता खालच्या सुरांत थेट आवाजाला साथ देतो आणि बास एकंदर फुगतो. हा फुगवटा जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मात्र तो उंचवटा असल्यामुळे कापता येतो. बऱ्याच स्टुडिओ स्पीकरच्या पाठीला याच कामासाठी बास दोन किंवा चार डेसिबलने उतरवणारे बटण असते. त्या मुलाच्या स्पीकरला ते होते आणि त्याने ते कधीही हलवले नव्हते.

आता खुर्ची. चारी बाजूंनी बंद खोलीत लांबीच्या दोन भिंतींमध्ये आवाज पुन्हा पुन्हा आपटत राहिला की काही सूर खोलीत ठाण मांडतात. १४ फुटांच्या लांबीत असा पहिला सूर ४० हर्ट्झचा आणि दुसरा त्याच्या दुप्पट, ८१ हर्ट्झचा. पहिल्या सुराचा खड्डा खोलीच्या बरोबर मध्यावर असतो, आणि दुसऱ्याचे दोन खड्डे लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर. भिंतीपाशी मात्र हे सगळेच सूर जोरात असतात, म्हणूनच तो मुलगा पाठ टेकून उभा राहिला तेव्हा घुमारा दणक्यात आला. भिंतीपासून साडेतीन फूट म्हणजे १४ फुटांचे बरोबर पाऊण अंतर. खुर्ची दुसऱ्या सुराच्या खड्ड्यातच होती. पाव लाटेचे सूत्र आणि खोलीत ठाण मांडणारे सूर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण ते एकाच घटनेकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत, म्हणून दोन्हींचे उत्तर एकाच जागेवर येते.

म्हणजे खुर्चीसाठी मध्य टाळायचा, पाव आणि पाऊण टाळायचे, आणि भिंतीला चिकटूनही बसायचे नाही. मग उरते ती मध्य आणि पाऊण यांच्यामधली जागा. ध्वनितंत्रज्ञ लांबीच्या ३८ टक्क्यांचा जो ठोकताळा सांगतात, तो इथेच येऊन पोहोचतो. १४ फुटांचे ३८ टक्के म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडे जास्त. मागच्या भिंतीपासून एवढ्या अंतरावर कान आले की मागच्या भिंतीचा खड्डा ५३ हर्ट्झच्या आसपास जातो, आणि स्पीकरमागच्या भिंतीच्या खड्ड्याशी त्याची गाठ पडत नाही. हा आकडा पाळायचा नियम मानू नये, शोध सुरू करायची जागा मानावी. आम्ही खुर्ची तिथे ठेवून सहा-सहा इंच पुढे-मागे करून ऐकले आणि शेवटी ती ठोकताळ्यापेक्षा चार इंच पुढे स्थिरावली.

इथे आम्ही जवळजवळ एक चूक केली होती. स्पीकर एकमेकांपासून साडेसहा फुटांवर होते, म्हणजे बाजूच्या भिंती प्रत्येकी दोन फुटांवर. बाजूच्या भिंतीचे अंतर सूत्रात सरळ घालता येत नाही, कारण तिथून आवाज तिरका येतो. त्यासाठी मी दोरी वापरतो. एकाने खुर्चीवर बसायचे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा आणि आरशात स्पीकर दिसू लागला की थांबायचे. आवाज त्याच जागेवरून उसळून येतो. मग एक दोरी स्पीकरपासून थेट कानापर्यंत आणि दुसरी स्पीकरपासून आरशाच्या जागेला स्पर्श करून कानापर्यंत ताणायची आणि दोन्हींची लांबी टेपने मोजायची. ५६५ ला त्या दोन लांबींच्या फुटांतल्या फरकाने भागले की खड्ड्याचा सूर मिळतो. आमची थेट दोरी आठ फुटांची आणि भिंतीवरून जाणारी दहा फूट तीन इंचांची भरली. फरक सव्वादोन फूट, म्हणजे खड्डा २५० हर्ट्झवर. स्पीकरमागच्या भिंतीचा खड्डा आम्ही नुकताच २६५ वर नेला होता. एका ठिकाणची जोडी मोडून दुसरीकडे नवी जोडी जमवली होती.

म्हणून स्पीकर एकमेकांच्या जवळ आणले. साडेपाच फूट अंतर ठेवल्यावर दोरीचा फरक सुमारे पावणेतीन फूट झाला आणि बाजूच्या भिंतीचा खड्डा २०० च्या आसपास उतरला. याची किंमत मोजावी लागली. स्पीकर आणि कान यांचा त्रिकोण अरुंद झाला, आणि डावी-उजवीकडे पसरलेला आवाज थोडा आकसला. तबल्याची घडण ऐकणाऱ्याला ते चालते. वाद्यवृंद ऐकणाऱ्याने कदाचित दुसरी तडजोड केली असती.

रुंदीत मात्र खुर्ची मध्यरेषेवरच ठेवावी, कारण एक कान भिंतीकडे सरकला की दोन स्पीकरांचा तोल बिघडतो. त्या रेषेवर रुंदीचा पहिला सूर, इथे ५४ हर्ट्झ, दबतो हे खरे, पण दोन्ही स्पीकर मध्यापासून सारख्या अंतरावर असून एकच बास वाजवत असतील तर ते मिळून त्या सुराला तसेही उठवत नाहीत. इथे करण्यासारखे काही नाही, ते स्वीकारावे. जमीन आणि स्लॅब यांच्याकडूनही एकेक खड्डा पडतोच, आणि छत खाली ओढता येत नाही. एकट्याने आलेला खड्डा सहा-सात डेसिबलचा असतो आणि इतर दिशांनी येणारा आवाज तो थोडाफार भरून काढतो. दोन किंवा तीन खड्डे एका सुरावर जमू नयेत, एवढे जपायचे.

आपण जे केले ते खरोखर जमले की नाही, हे पाहायला ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत मिनिटभरात सावकाश चढणारा एकच सूर वाजवावा आणि खुर्चीवर न हलता ऐकावे. REW हा मोफत प्रोग्रॅम आणि मोजणीचा मायक्रोफोन असेल तर आलेखच समोर येतो. मात्र त्या आलेखाला गुळगुळीत करण्याची जी सोय असते, तिच्यात 1/3 हा पर्याय निवडू नये. तो अरुंद खड्डे पुसून टाकतो आणि खोली आहे त्यापेक्षा चांगली दाखवतो. 1/24 ठेवावे. आलेखात खड्डा दिसला तर तो कोणाचा आहे हेही ओळखता येते. स्पीकर हातभर पुढे किंवा मागे केल्यावर खड्डा वेगळ्या सुरावर सरकला तर तो स्पीकरमागच्या भिंतीचा. स्पीकर हलवूनही तो जागचा हलला नाही, पण मायक्रोफोन फूटभर सरकवल्यावर हलला, तर तो खुर्चीच्या जागेचा. एका वेळी एकच वस्तू हलवावी आणि एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवावा, नाहीतर काय कशामुळे बदलले ते कळत नाही.

आमच्या पहिल्या मोजणीत ८८ हर्ट्झच्या आसपास १५ डेसिबलचा खड्डा होता. जागा बदलल्यावर त्या ठिकाणी चार डेसिबलची उतरंड उरली आणि २०० ला नवा, पण उथळ खड्डा आला. डावा स्पीकर ठीक झाला तरी उजव्याच्या आलेखात ५० ते ७० हर्ट्झचा भाग वेगळा दिसत होता, आणि त्याचे कारण सापडायला आम्हाला अर्धा तास लागला. उजव्या बाजूचे दार आम्ही मोजताना चहा आत-बाहेर करण्यासाठी उघडे ठेवले होते. उघड्या दारातून बास बाहेर जातो, त्या बाजूला भिंत असल्यासारखे राहत नाही. तो मुलगा रियाज ऐकताना दार नेहमी लावून बसतो, म्हणून दार लावून सगळी मोजणी पुन्हा केली आणि मग स्पीकरच्या स्टँडच्या व खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा करून ठेवल्या.